हॅशटॅग कोणते, किती आणि कुठे: नवीन लिहिणाऱ्यांसाठी

एका माणसाने घरच्या जुन्या शब्दकोशाची बांधणी स्वतः दुरुस्त केली, त्याची चार छायाचित्रे काढली आणि ती प्रसिद्ध करायला तो बसला, असे समजू. मजकूर त्याने दहा मिनिटांत लिहिला. त्यानंतर खाली हॅशटॅग देताना तो अडला आणि शेवटी सुचतील तेवढे देऊन मोकळा झाला:

```
#पुस्तक #वाचन #मराठी #पुस्तकबांधणी #Book
#BookLover #Bookstagram #Vintage #DIY
#Handmade #Art #Viral #BookRepair #Bookbinding
```

हे चौदा हॅशटॅग आहेत आणि त्यांतला एकही चुकीचा म्हणता येत नाही. पुस्तक आहे, जुने आहे, हाताने केलेले काम आहे. तरीही ज्यांना हे काम पाहायचे आहे त्यांच्यापर्यंत पोहोचायला यांतल्या तिघांचाच उपयोग होणार आहे. हे तीन कोणते, त्यांच्या जोडीला काय हवे आणि ते सगळे मजकुरात कुठे बसवावेत, हे याच उदाहरणावरून पाहू. विषय कोणताही असला तरी ही रीत बदलत नाही.

आधी कोण शोधणार ते ठरवावे

हॅशटॅगचा मूळ उपयोग समूह जोडण्यासाठी होता. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर # हे चिन्ह गटांसाठी वापरावे का, असे विचारले आणि उदाहरण म्हणून #barcamp लिहिले. तेव्हा ट्विटरची स्वतःची अशी सोय नव्हती. लोक ती खूण हाताने लिहीत आणि शोधात घालून पाहत. हॅशटॅगवर बोट ठेवले की त्याखालचे सारे लेखन उघडावे, ही सोय ट्विटरने २००९ मध्ये दिली, इन्स्टाग्रामवर हॅशटॅग २०११ मध्ये आले आणि फेसबुकवर २०१३ मध्ये. हा इतिहास एवढ्याचसाठी सांगितला की हॅशटॅग निवडताना ‘माझ्या मजकुरात काय काय आहे’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. ‘हा शब्द शोधपट्टीत कोण लिहील आणि त्याला तिथे काय सापडण्याची अपेक्षा असेल’ हा प्रश्न विचारावा लागतो.

आपल्या शब्दकोशाच्या बाबतीत असे तीन प्रकारचे लोक संभवतात. पहिला तो, ज्याच्या स्वतःच्या पुस्तकाची पाने सुटली आहेत आणि ज्याला ती जोडायची आहेत; तो ‘पुस्तकदुरुस्ती’ किंवा ‘BookRepair’ असे काहीतरी लिहील. दुसरा तो, जो छंद किंवा व्यवसाय म्हणून बांधणी करतो आणि इतरांची शिवण पाहायला उत्सुक असतो. तो ‘पुस्तकबांधणी’ किंवा ‘Bookbinding’ लिहील. तिसरा तो, ज्याला तुमचे एक काम आवडले आणि आता आधीची कामेही एका ठिकाणी पाहायची आहेत. त्याच्यासाठी तुमचा स्वतःचा एखादा हॅशटॅग लागेल. ‘Art’ हा शब्द शोधपट्टीत लिहून जुन्या शब्दकोशाची शिवण सापडावी अशी इच्छा करणारा माणूस मात्र कितीही कल्पना केली तरी डोळ्यांपुढे येत नाही. ज्या हॅशटॅगसाठी असा माणूस डोळ्यांपुढे आणता येत नाही, तो इथेच गाळावा. या एका कसोटीवर #Book, #Art, #Handmade, #DIY, #मराठी आणि #Viral हे सहा गेले. #Viral बद्दल वेगळे सांगायला हवे, कारण नवीन लिहिणाऱ्यांचा त्यावर फार जीव असतो: तो हॅशटॅग कोणत्याही विषयाचे नाव नाही, त्यामुळे तो लावून लेखन कुठेच वर्गीकृत होत नाही.

प्रत्येक हॅशटॅग उघडून पाहावा

उरलेल्या आठांसाठी कल्पनेवर विसंबू नये. प्रत्येक हॅशटॅग त्या त्या ठिकाणच्या शोधात घालून उघडावा आणि समोर येणाऱ्या पहिल्या दहा-बारा नोंदी नीट पाहाव्यात. एका हॅशटॅगला दोन मिनिटे पुरतात. यात तीन गोष्टी तपासायच्या: तिथल्या नोंदी तुमच्या नोंदीच्या जातीच्या आहेत का, अलीकडच्या काळात तिथे कोणी लिहिले आहे का, आणि त्या शब्दाचा तुम्हाला ठाऊक नसलेला दुसरा अर्थ तिथे रूढ झाला आहे का.

#Bookstagram उघडल्यावर पुस्तकांचीच छायाचित्रे दिसतात, त्यामुळे तो योग्य वाटण्याचा संभव मोठा. पण ती छायाचित्रे वाचकांची असतात: सध्या काय वाचतो आहे, आवडते मुखपृष्ठ, नीट मांडलेली पुस्तकांची फळी. तिथे आलेला माणूस पुढचे पुस्तक कोणते घ्यावे ते शोधत असतो. खरवडलेल्या गोंदाचे आणि उघड्या पडलेल्या शिवणीचे छायाचित्र त्याला क्षणभर वेगळे वाटेल, तो पुढे सरकेल. #BookLover आणि #वाचन यांचीही हीच गत. #Vintage मध्ये कपडे, फर्निचर, मोटारी असे सगळेच जुने सामान भरलेले असते. #पुस्तक हा सर्वांत फसवा, कारण तो खरा आहे, मराठी आहे आणि सोपा आहे. पण त्याखाली नव्या पुस्तकांच्या जाहिराती, परीक्षणे, विक्री असे सारे येते आणि दुरुस्तीचे काम त्यात हरवून जाते.

नोंदींची एकूण संख्या पाहून निर्णय घेण्याचा मोह इथे होतो. लाखो नोंदी असलेला हॅशटॅग मोठा म्हणून चांगला, असे नसते. तिथे तुमची नोंद काही क्षणांत इतरांखाली दबते. उलट पाच-सहाच नोंदी आणि त्याही काही वर्षांपूर्वीच्या, असा हॅशटॅग म्हणजे रिकामी खोली. मराठी हॅशटॅगच्या बाबतीत मात्र मी ही दुसरी कसोटी थोडी सैल ठेवतो. अनेक विषयांवर मराठीत फार कमी हॅशटॅग रुजलेले आहेत, आणि त्याखाली वीस-पंचवीसच पण नेमक्या विषयाच्या नोंदी असतील तर तिथे तुमची नोंद बराच काळ वर राहते आणि शोधणाऱ्याला ती सापडतेच.

दुसऱ्या अर्थाची तपासणी गमतीची वाटते, पण ती टाळून चालत नाही. एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या निधनानंतर #nowthatchersdead हा हॅशटॅग पसरला. सगळी अक्षरे लहान आणि मध्ये जागा नाही, त्यामुळे ‘आता थॅचर गेल्या’ असे वाचण्याऐवजी काहींनी त्यात ‘आता शेर गेली’ असे वाचले आणि गायिका शेर हिच्या मृत्यूची चर्चा सुरू झाली, जी धडधाकट होती. रोमन लिपीत जोडशब्द लिहिताना प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करावे, म्हणजे #bookrepair ऐवजी #BookRepair लिहावे, याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे: दृष्टिहीन व्यक्ती वापरतात ते वाचन करणारे सॉफ्टवेअर मोठी अक्षरे पाहून शब्द तोडते, सगळी अक्षरे लहान असली तर ते पूर्ण हॅशटॅग एकच अनाकलनीय शब्द म्हणून उच्चारण्याची शक्यता वाढते. शोधाला मात्र लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही. दोन्ही रूपे एकाच जागी पोहोचतात.

तपासणीनंतर आपल्या यादीत #पुस्तकबांधणी, #BookRepair आणि #Bookbinding हे तीन राहिले. यांच्या जोडीला दुरुस्तीसाठीचा मराठी शब्द यायला हवा, म्हणून #पुस्तकदुरुस्ती. आणखी एक हॅशटॅग या ठिकाणी हमखास सुचतो, तो म्हणजे #BookConservation. तो घेऊ नये, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. जतन करणारे व्यावसायिक पुढे कधी उलगडता येईल अशाच पद्धतीने आणि साहित्याने काम करतात. घरी पांढरा गोंद लावून कणा चिकटवणे हे त्यांच्या दृष्टीने जतन नव्हेच. त्या हॅशटॅगखाली ही छायाचित्रे टाकली तर जाणकार मंडळी चुका दाखवायला येतील आणि त्यांचे बरोबरच असेल. हॅशटॅग हा एका अर्थी दावा असतो. आपण केले त्यापेक्षा मोठ्या कामाचे नाव त्यात असेल तर वाचक त्याच नावाने आपल्याला मोजतो.

देवनागरीत लिहिताना येणाऱ्या अडचणी

हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये सापडत नाही, आणि मराठी लिहिणाऱ्यांचे बरेचसे हॅशटॅग इथेच वाया जातात.

पहिली अडचण विभक्तीची. इंग्रजीत वाक्यातल्या शब्दापुढे # लावला की काम होते, कारण शब्दाचे रूप सहसा बदलत नाही. मराठीत शब्द वाक्यात शिरला की त्याला प्रत्यय चिकटतो आणि बऱ्याचदा मूळ रूपही बदलते. ‘आज #पुस्तकबांधणीचा प्रयोग केला’ असे लिहिले तर हॅशटॅग तयार झाला #पुस्तकबांधणीचा. संगणकाच्या दृष्टीने तो #पुस्तकबांधणी पेक्षा पूर्ण वेगळा आहे, आणि त्याखाली बहुधा तुम्ही एकटेच असाल. प्रत्ययाआधी संयोगचिन्ह टाकून ‘#पुस्तकबांधणी-चा’ असे लिहिता येते, कारण संयोगचिन्हापाशी हॅशटॅग संपतो आणि प्रत्यय बाहेर राहतो. पण ते दिसायला ओबडधोबड आहे आणि ‘पुस्तके’चे ‘पुस्तकां’ होते तशी जिथे मूळ रूपच बदलते तिथे हा उपाय लागूही पडत नाही. त्यापेक्षा वाक्य सरळ मराठीत लिहावे आणि हॅशटॅग शेवटी मूळ रूपात द्यावेत. हॅशटॅग कुठे ठेवावेत या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मुख्यतः या एका कारणाने ठरले आहे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘कोऱ्या वह्या’ बांधणाऱ्याला #कोऱ्यावह्या असा हॅशटॅग द्यायचा असेल तर त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होऊ शकतो. एका कळफलकावर तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून बनतो, तर दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे जोडणीसाठीचे एक अदृश्य चिन्ह यांपासून. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात, पण आतली अक्षरे वेगळी असल्यामुळे हॅशटॅग दोन होऊ शकतात. आणि जिथे ते अदृश्य चिन्ह हॅशटॅगमध्ये ग्राह्य नसते तिथे तो ‘कोर’पाशीच किंवा हलन्तापाशी तुटतो. ‘ॲ’चेही तसेच. #फोटोॲल्बम मधला ‘ॲ’ एकसंध अक्षर असू शकतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन बनवलेला असू शकतो. यावर उपाय साधा आहे: असे अक्षर असलेला हॅशटॅग स्वतः टंकित करण्याआधी शोधात तो कोणत्या रूपात जास्त वापरला गेला आहे ते पाहावे आणि तेच रूप तिथून उचलून आपल्या नोंदवहीत जपून ठेवावे. पर्याय असेल तर असे अक्षर नसलेला शब्द निवडणे आणखी बरे. #कोऱ्यावह्या ऐवजी #वहीबांधणी चालत असेल तर तोच घ्यावा.

तिसरी गोष्ट जोडशब्दांची. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे शब्द तोडून दाखवायला अधोरेषा वापरण्याची पद्धत पडली आहे. अधोरेषेने हॅशटॅग तुटत नाही हे खरे, पण #पुस्तक_बांधणी आणि #पुस्तकबांधणी हे दोन वेगवेगळे हॅशटॅग आहेत, आणि दोन्ही देण्यात एक जागा वाया जाते. दोन शब्दांचा समास मराठीत असाही जोडूनच लिहितात, म्हणून तिथे अधोरेषा नको. तीन किंवा अधिक शब्द जोडावे लागत असतील तर तो हॅशटॅग मुळात लांब झाला आहे. कोणीही शोधपट्टीत #जुन्यापुस्तकांचीघरगुतीदुरुस्ती लिहिणार नाही.

बाकीचे नियम सर्व लिप्यांना सारखे आहेत आणि थोडक्यात सांगता येतात. # आणि शब्द यांत जागा सोडू नये. # च्या आधी जागा सोडावीच, कारण आधीच्या शब्दाला चिकटलेला ‘पाहा#पुस्तकबांधणी’ दुव्यात बदलत नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, संयोगचिन्ह, अवतरणचिन्ह यांच्यापाशी हॅशटॅग थांबतो. आणि ट्विटरसारख्या ठिकाणी नुसत्या अंकांचा हॅशटॅग होत नाही. वर्ष द्यायचे तर त्याला शब्दाची जोड लागते.

किती ठेवावेत

प्रत्येक ठिकाणची कमाल मर्यादा वेगळी आहे, पण मर्यादा आणि सल्ला यांत फरक असतो. इन्स्टाग्रामवर अनेक वर्षे एका नोंदीला तीस हॅशटॅग देता येत असत आणि लोक ते मोजून तीस देत. त्याच कंपनीच्या @creators या खात्याने २०२१ मध्ये मात्र तीन ते पाच पुरेत असे सांगितले. ट्विटर, म्हणजे आताचे एक्स, तिथे दोनांहून अधिक देऊ नयेत असाच सल्ला कंपनी देत आली आहे. यूट्यूबवर साठांहून अधिक हॅशटॅग दिले तर त्या चित्रफितीवरचे सगळेच हॅशटॅग विचारात घेतले जात नाहीत, आणि विषयाशी संबंध नसलेले दिशाभूल करणारे हॅशटॅग दिल्यास चित्रफीत काढूनही टाकली जाऊ शकते. थ्रेड्सवर तर एका नोंदीला एकच विषय जोडता येतो, तोही # शिवाय दिसतो आणि त्यात शब्दांमध्ये जागा सोडता येते, त्यामुळे तिथे ‘पुस्तक दुरुस्ती’ असे सरळ दोन शब्दांत लिहावे.

नवीन लिहिणाऱ्याने पाच ही वरची हद्द धरावी असे मला वाटते. ही संख्या पवित्र नाही, पण ती निवड करायला भाग पाडते, आणि वरच्या दोन पायऱ्या प्रामाणिकपणे केल्या तर बहुतेक वेळा सहावा हॅशटॅग उरतच नाही. अधिक हॅशटॅगचा आणखी एक तोटा असा की ते अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेलाही गोंधळात टाकतात: एकाच नोंदीवर फर्निचर, कपडे, वाचन आणि बांधणी अशी नावे असली तर ती कोणाला दाखवायची याचा संकेत पातळ होतो. माणसांनाही ते दिसतेच. तीन ओळींच्या मजकुराखाली सहा ओळींचे निळे शब्द पाहिले की वाचक मजकूर न वाचता पुढे जातो. मी स्वतः सुरुवातीला पंचवीस हॅशटॅगचा एक गठ्ठा जपून ठेवला होता आणि प्रत्येक नोंदीखाली तोच चिकटवत असे. एकदा कागद रंगवण्याच्या नोंदीखालीही #BookRepair गेला तेव्हा एकाने नम्रपणे विचारले की यात दुरुस्त काय केले आहे. तो गठ्ठा त्या दिवशी पुसला.

आपल्या शब्दकोशासाठी चार हॅशटॅग नक्की झाले. पाचवी जागा स्वतःच्या मालिकेच्या हॅशटॅगसाठी ठेवता येते. असा हॅशटॅग निवडताना उलटी कसोटी लावावी: तो उघडल्यावर तिथे कोणीही नसले पाहिजे. समजा, #शिवलेलीपाने हे नाव सुचले आणि शोधल्यावर ते रिकामे दिसले, तर ते घ्यावे. मात्र पाच-सात नोंदी होईपर्यंत त्याचा कोणालाच उपयोग नसतो, त्यामुळे ज्याला एकच नोंद करायची आहे त्याने ही जागा रिकामी सोडली तरी काही बिघडत नाही.

कुठे ठेवावेत

शेवटी ठेवावेत, हे वर आलेच. आता त्याचा तपशील पाहू. इन्स्टाग्रामवर मजकुराच्या पहिल्या दोनेक ओळीच दिसतात आणि पुढचा भाग दाबून उघडावा लागतो. त्या ओळींत हॅशटॅग आले तर वाचकाला थांबवण्याची एकमेव जागा वाया जाते. म्हणून मजकूर पूर्ण करावा, एक ओळ मोकळी सोडावी आणि मग एका ओळीत हॅशटॅग द्यावेत. मास्टोडॉनवरही ही मांडणी सोयीची आहे, कारण शेवटची ओळ केवळ हॅशटॅगची असली तर ती मजकुरापासून वेगळी काढून दाखवली जाते. तिथे लोकांना एखादा हॅशटॅग कायमचा अनुसरता येतो, त्यामुळे नेमक्या हॅशटॅगची किंमत तिथे इतर ठिकाणांहून अधिक आहे.

हॅशटॅग मजकुरात न देता पहिल्या प्रतिक्रियेत द्यावेत, म्हणजे मजकूर स्वच्छ दिसतो, असा सल्ला बराच फिरतो. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये शोधाविषयी दिलेल्या मार्गदर्शनात याच्या उलट सांगितले आहे: नोंद शोधात सापडावी असे वाटत असेल तर नेमके शब्द आणि हॅशटॅग मजकुरातच हवेत, प्रतिक्रियेत नव्हे. पाचच हॅशटॅग असतील तर मजकूर अस्वच्छ दिसण्याचा प्रश्नही उरत नाही. त्याच मार्गदर्शनातली ‘नेमके शब्द’ ही बाब नजरेतून सुटू नये. ‘पुस्तक’, ‘कणा’, ‘शिवण’, ‘दुरुस्ती’ हे शब्द साध्या वाक्यांत आले तर शोधाला त्यांचाही आधार मिळतो. याच कारणाने ‘बघा जमलं का!’ एवढेच लिहून खाली हॅशटॅग देणे तोट्याचे ठरते.

यूट्यूबवर हॅशटॅग वर्णनात द्यावेत. त्यांतले जास्तीत जास्त तीन शीर्षकाजवळ दिसतात, म्हणून तिथे मी यादी तीनांवरच थांबवतो; कोणते दिसणार हे आपल्या हाती राहते. शीर्षकातही हॅशटॅग देता येतो, पण शीर्षकाची जागा माणसाला समजेल अशा वाक्यासाठी राखावी. एक्सवर हॅशटॅगची अक्षरे २८० च्या मर्यादेतच मोजली जातात आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते: #पुस्तकबांधणी दिसायला छोटा आहे, पण तो तेरा अक्षरांचा भरतो.

वाक्यात हॅशटॅग ठेवण्याला एकच अपवाद मी करतो. मूळ रूपातला शब्द वाक्यात आपसूक आला आणि जागा थोडी असली, तर तो तिथेच खूण लावून वापरावा; ‘आजचा विषय: #पुस्तकदुरुस्ती’ यात काही खटकत नाही. एका वाक्यात दोन निळे शब्द आले की वाचताना ठेच लागते, त्यामुळे एकापुढे जाऊ नये.

एवढे सगळे केल्यावर त्या शब्दकोशाची इन्स्टाग्रामवरची नोंद अशी होते:

```
घरच्या शब्दकोशाचा कणा निखळला होता आणि
पाने सुटली होती. जुना गोंद खरवडला, फर्मे
वेगळे केले आणि मेण लावलेल्या दोऱ्याने
पुन्हा शिवले. शिवण जवळून पाहायची असेल
तर तिसरे छायाचित्र पाहा.

#पुस्तकदुरुस्ती #पुस्तकबांधणी #BookRepair
#Bookbinding #शिवलेलीपाने
```

क्रमही मुद्दाम असा आहे. मजकूर मराठी आहे, म्हणून मराठी हॅशटॅग आधी. दुरुस्ती हा नोंदीचा गाभा आहे, म्हणून दुरुस्ती बांधणीच्या आधी. इंग्रजी हॅशटॅगवरून येणाऱ्याला मजकूर वाचता येणार नाही, पण शिवणीचे छायाचित्र त्याला कळेल, म्हणून ते दोन राहिले. नोंद केवळ मजकुराची असती, छायाचित्र नसते, तर मी इंग्रजी हॅशटॅग दोन्ही काढले असते. हीच नोंद एक्सवर टाकताना #पुस्तकदुरुस्ती आणि #Bookbinding हे दोन पुरे.

प्रसिद्ध केल्यानंतरची तपासणी

नोंद प्रसिद्ध झाली की लगेच प्रत्येक हॅशटॅगवर बोट ठेवून पाहावे. पूर्ण शब्द दुव्याच्या रंगात आला आहे का ते पाहावे. अर्धाच रंगला असेल तर मध्ये एखादे न चालणारे चिन्ह आहे. तो उघडल्यावर जिथे पोहोचतो तिथे आधी पाहिलेल्याच नोंदी दिसायला हव्यात. केवळ तुमची एकच नोंद दिसली तर शुद्धलेखनाची चूक, चिकटलेला प्रत्यय किंवा वर सांगितलेली अदृश्य अक्षराची भानगड यांपैकी काहीतरी झाले आहे, आणि मजकूर संपादित करून ते दुरुस्त करता येते. एक्सवर संपादनाची सोय सर्वांना नसते, तिथे नोंद काढून पुन्हा टाकावी लागते. खाते खाजगी ठेवलेले असेल तर हॅशटॅग कितीही अचूक असले तरी अनोळखी माणसाला त्यावरून तुमची नोंद दिसणार नाही. बरेच नवीन लोक आठवडाभर हॅशटॅग बदलत बसतात आणि अडचण या एका बटणाची निघते.

आपल्या स्वतःच्या खात्यातून शोधल्यावर आपली नोंद वर दिसली म्हणून हुरळून जाऊ नये, कारण निकाल पाहणाऱ्यानुसार बदलतात. दुसऱ्याच्या फोनवरून, तुमच्याशी जोडलेल्या नसलेल्या खात्यातून, एकदा पाहून घ्यावे. यादी सुधारायची असेल तर एका वेळी एकच हॅशटॅग बदलावा आणि तशाच चार-पाच नोंदी होऊ द्याव्यात. आकडेवारीपेक्षा मी अनोळखी लोकांच्या प्रतिक्रियांकडे जास्त लक्ष देतो: ‘हा दोरा कोणत्या जाडीचा’ असे विचारणारा माणूस #पुस्तकबांधणी किंवा #Bookbinding वरून आला आहे हे त्याच्या प्रश्नावरूनच कळते, आणि ‘हे पुस्तक कुठे मिळेल’ असे विचारणारे वाढू लागले तर यादीत वाचनाचा एखादा हॅशटॅग पुन्हा शिरला आहे का ते पाहावे.